भूक, हात, धंदा : दुसरा महाप्राण कुठे गेला?

प्रश्न : "पुण्यात ऑफिसमधले हिंदीभाषक सहकारी मला म्हणतात, तुम्ही लोक 'भूख'ला भूक आणि 'हाथ'ला हात का म्हणता? ख आणि थ जमत नाहीत का? पण लाख, माथा हे तर आपण व्यवस्थित म्हणतो. यामागे काही नियम आहे का?"

आहे, आणि त्याची किल्ली शब्दाच्या पहिल्या अक्षरात आहे. एका शब्दात दोन महाप्राण, म्हणजे ख, थ, ध, भ यांसारखे श्वासाच्या झोतासह उच्चारले जाणारे ध्वनी, आले की मराठी दुसऱ्याचा प्राण काढून घेते. एकच असला तर सहसा त्याला हात लावत नाही.

जोड्या लावून बघा. हस्त आणि मस्तक या दोन्ही शब्दांत 'स्त' आहे. प्राकृतात त्याचा 'त्थ' झाला : हत्थ, मत्थअ. इथवर दोघांचा प्रवास सारखा. पुढे मराठीत मस्तकाचा 'माथा' झाला, थ शाबूत राहिला. हस्ताचा मात्र 'हात' झाला, कारण सुरुवातीला 'ह' आधीच बसलेला होता. 'ह' म्हणजे नुसता श्वासाचा झोत, आणि महाप्राण व्यंजनात तोच झोत असतो. तीच गोष्ट लक्ष आणि भिक्षा यांची. दोन्हीतल्या 'क्ष'चा प्राकृतात 'क्ख' झाला, पण मराठीत एकीकडे लाख, दुसरीकडे भीक. अंधपासून आंधळा, ध जसाच्या तसा. स्कंधपासून मात्र खंध आणि मग खांदा. हिंदीने हाथ, हाथी, भीख, खंभा यांत दोन्ही प्राण सांभाळले. आपण हात, हत्ती, भीक, खांब म्हणतो.

यात ध्वनी जमण्या-न जमण्याचा प्रश्नच नाही. हिंदीच्या शेजारी ठेवलेले आणखी काही शब्द हेच सांगतात : धोखा–धोका, धंधा–धंदा, झूठ–झूट, ठाठ–थाट. गणपतीच्या मिरवणुकीत पथकात वाजते ती आपली झांज, हिंदीत झाँझ. शब्दाच्या शेवटी प्राण ढिला पडतो एवढंच कारण असतं, तर धोका, धंदा, हत्ती, खांदा हे शब्द सुटले असते. त्यांत तर शेवटी स्वर आहे.

या प्रकाराला भाषाशास्त्रात विषमीकरण म्हणतात. त्यामागचं सर्वसाधारण तत्त्व विल्यम लेबन यांनी 1973 मध्ये मांडलं, तेही सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो अशा भाषांसाठी : शेजारी-शेजारी दोन एकसारखे सूर नकोत. जॉन गोल्डस्मिथ यांनी त्याला 'ऑब्लिगेटरी काँटूर प्रिन्सिपल' हे नाव दिलं. पुढे जॉन मॅकार्थी यांनी ते अरबी धातूंमधल्या व्यंजनांना लावलं. यात 'शेजारी' शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. 'धंधा'त दोन ध-कारांच्या मध्ये स्वर आणि अनुस्वार आहेत. पण त्या शब्दातले फक्त प्राण वेगळ्या ओळीत मांडले, तर त्या ओळीत हे दोघे एकमेकांना खेटूनच उभे राहतात, मध्ये कोणी नाही. भाषेला खटकतं ते हे.

संस्कृतातही हेच आहे, पण उलट्या बाजूने. धा धातूचं द्वित्व केलं की 'धधाति' होत नाही, दधाति होतं, भीचं बिभेति. पाणिनीने 'अभ्यासे चर्च' (8.4.54) या सूत्रात याची सोय केली आहे. तिथे प्राण जातो तो पहिल्या व्यंजनाचा. हर्मान ग्रासमान या जर्मन अभ्यासकाने 1863 मध्ये दाखवलं की बंध् या धातूतला ब मुळात भ होता, आणि पुढच्या ध-मुळे तो आधीच ब झाला. म्हणूनच आपल्या 'बांधणे'तला ध आजही ठणठणीत आहे : मराठीपर्यंत शब्द पोचला तेव्हा त्यात एकच प्राण उरला होता. मला स्वतःला हा पुरावा फार आवडतो.

मर्यादाही सांगतो. शिकणे, सुकणे यांत दुसरा महाप्राण नसूनही ख गेला आहे (हिंदीत सीखना, सूखना), म्हणजे प्राण गेला की प्रत्येक वेळी विषमीकरणच झालं असं धरू नये. फोफावणे, थोथांड यांत दोन्ही प्राण टिकलेत, आणि भाभी आपण हिंदीसारखीच म्हणतो. घरधनीसारख्या समासात दोन महाप्राण चालतात, कारण ते दोन वेगळे शब्द आहेत. धडधड, फडफड, खळखळ, भळभळ यांचंही तसंच : प्राण दोनदा येतो, पण एकेका तुकड्यात एकदाच. 'धढधढ' मराठीत ऐकू येणार नाही.