विलंब माफीचा अर्ज : मधल्या सत्तर दिवसांत काय केलंत?

प्रश्न : वाटपाच्या दाव्याचा निकाल 5 फेब्रुवारी 2024 ला माझ्याविरुद्ध लागला. वकिलांनी कळवलंच नाही. 14 ऑक्टोबरला निकालाच्या अंमलबजावणीसाठी लावलेल्या दरखास्तीची नोटीस आली तेव्हा समजलं. मग दिवाळी, मुलीचं लग्न. 23 डिसेंबरला निकालाच्या नकलेचा अर्ज दिला, 6 जानेवारीला नक्कल मिळाली. येत्या 20 तारखेला अपील दाखल करायचं आहे. ओळखीचे डॉक्टर टायफॉईडचं सर्टिफिकेट द्यायला तयार आहेत. उशीर माफ होईल का?

उत्तर : सर्टिफिकेटचा विचार आजच सोडा. अर्जासोबत तुमचं प्रतिज्ञापत्र जातं आणि त्यावर तुमची उलटतपासणीही होऊ शकते. त्याच दिवसांत तुम्ही लग्नाची धावपळ करत होता, हे सगळ्या भावकीला माहीत आहे. सामनेवाला लग्नाचे फोटो हजर करेल. मग खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याबद्दल फौजदारी प्रकरण मागे लागेल, आणि तुमची खरी कारणंही कोणी ऐकणार नाही.

जिल्हा न्यायालयातल्या अपिलाची मुदत 30 दिवसांची. निकालाचा दिवस सोडून ती 6 मार्चला संपली. नक्कल तयार व्हायला लागलेले दिवस मुदतीतून वजा होतात, पण नकलेचा अर्ज मुदतीच्या आत दिलेला असेल तर. तुमचा अर्ज डिसेंबरातला, त्यामुळे ती वजावट मिळणार नाही. 20 जानेवारीला दाखल केलंत तर उशीर 320 दिवसांचा.

हा आकडा पाहून तुम्ही घाबरला असाल, पण अर्ज आकड्यावर फेटाळला जात नाही. 1998 साली बालकृष्णन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 883 दिवसांचा उशीर माफ केला. किती उशीर झाला यापेक्षा खुलासा पटतो का, हे महत्त्वाचं, असं तिथे म्हटलं आहे. तिथेही चूक वकिलाचीच होती, पण पक्षकाराने त्या वकिलाविरुद्ध ग्राहक मंचाकडून भरपाईचा आदेश मिळवलेला होता. म्हणजे वकिलावर नुसतं खापर फोडलेलं नव्हतं, मागे कागद होता. तुमच्याकडे काय आहे? वकिलांना केलेले फोन, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फी दिल्याच्या पावत्या, जे असेल ते काढा. दाव्याच्या रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्या नोंदीची, नक्कलही मागवा. निकालाच्या दिवशी तुमची हजेरी लागलेली असेल, तर 'मला माहीतच नव्हतं' हे वाक्य अर्जात चालणार नाही.

मार्च ते ऑक्टोबर हे 222 दिवस असे सांभाळता येतील. आठ महिने दाव्याची चौकशीच केली नाही, हा दोष राहतोच, पण खेड्यातला माणूस वकिलावर विसंबून राहतो हे न्यायाधीशांना ठाऊक असतं. तुमचं प्रकरण अडेल ते पुढे : 14 ऑक्टोबर ते 23 डिसेंबर. समजल्यानंतरचे सत्तर दिवस, आणि या काळात वकिलाचा काही संबंध नाही. नोटीस हातात पडल्यावर नकलेचा साधा अर्ज द्यायला एक सकाळ पुरली असती. ती तुम्ही काढली नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

तरी खुलासा करा, तारखा घालून. दिवाळीचे दिवस. जुन्या वकिलांकडून कागद परत मिळायला किती हेलपाटे घातले. लग्नाची तारीख, कार्यालयाची पावती. 'घरगुती अडचणींमुळे' असं मोघम वाक्य मात्र लिहू नका, ते रोज शेकडो अर्जांत असतं. प्रत्येक दिवसाचा हिशेब काटेकोरपणे मागू नये, असं 1987 च्या कातिजी निकालात आहे खरं. पण तिथे उशीर चार दिवसांचा होता, आणि सलग रिकामे गेलेले दोन महिने त्या निकालाने भरून निघत नाहीत. माझ्या अंदाजाने अर्ज मंजूर झालाच, तर सामनेवाल्याला खर्च द्यायच्या अटीवर होईल. किती, ते न्यायाधीशांवर.

आणखी एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. नुसतं अपील दाखल केल्याने दरखास्त थांबत नाही. विलंबाचा निर्णय होऊन अपील ऐकायचं ठरेपर्यंत अपील न्यायालयाला स्थगिती देता येत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 41, नियम 3-अ मध्येच आहे. आणि विलंबाच्या अर्जाला नोटीस, सामनेवाल्याचं म्हणणं, युक्तिवाद असं करत कित्येकदा वर्ष जातं. तेवढ्यात घराचा ताबा गेलेला असतो. ही रखडपट्टी अन्यायकारक आहे, पण ती धरूनच चालावं लागेल. म्हणून पहिल्याच तारखेला दरखास्तीची नोटीस जोडून तातडीच्या सुनावणीचा अर्ज द्या, आणि दरखास्तीच्या कोर्टात अपिलाचा नंबर दाखवून थोडी मुदत मागा. ती मिळेलच असं नाही.

20 तारखेची वाट कशाला पाहता? नक्कल 6 तारखेपासून हातात आहे. नव्या वकिलांकडे उद्याच जा, आणि जाताना नोटिशीचा लिफाफा घेऊन जा. ती तुम्हाला कधी मिळाली, हे त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून दाखवता येईल.