तक्रारी कमी झाल्या की चोऱ्या?

प्रश्न: जीमॅटच्या क्रिटिकल रीझनिंगमधे स्ट्रेंदन-वीकनला शेवटी दोन ऑप्शन उरतात आणि मी हमखास चुकीचा टिक करतो. पॅसेजमधे लिहिलेलं काय आणि नुसतं सूचित काय, हे वेगळं कसं करायचं?

मी शनिवार-रविवार एक छोटी बॅच घेतो आणि तिथे हाच घोटाळा दर वेळी बघतो. दोन ऑप्शन उरतात तेव्हा चूक बहुतेक वेळा ऑप्शनच्या आधीच, पॅसेज वाचताना झालेली असते. आपण वाचता वाचता लेखकाच्या वतीने एखादं वाक्य मनातच भरून टाकतो आणि मग ते छापलेलंच होतं असं धरून चालतो.

मी बॅचसाठी बनवलेला एक पॅसेज घ्या, आकडे काल्पनिक आहेत. "एका शहरातल्या स्टेशन चौकात मागच्या वर्षी सीसीटीव्ही कॅमेरे बसवले. आदल्या वर्षी त्या चौकातून सोनसाखळी चोरीच्या 64 तक्रारी पोलिसांकडे नोंदल्या गेल्या होत्या, कॅमेऱ्यांनंतरच्या वर्षी 31. त्यामुळे कॅमेऱ्यांमुळे या चौकातल्या सोनसाखळी चोऱ्या कमी झाल्या आहेत."

एका मुलीला मी म्हटलं, कागद उलटा ठेव आणि पॅसेजमधे काय सांगितलंय ते सांग. ती पटकन म्हणाली, "कॅमेरे लावल्यावर चोऱ्या निम्म्या झाल्या." मग कागद सरळ केला आणि तिला 64 या आकड्याशेजारचा शब्द पेन्सिलने गोल करायला सांगितलं. तिथे 'तक्रारी' होतं. ती बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिली, कारण तिने वाचताना तक्रारीची चोरी कधी करून टाकली हे तिचं तिलाच कळलं नव्हतं.

आता नीट बघा. छापलेलं एवढंच आहे की कॅमेरे बसवले आणि नोंदलेल्या तक्रारी 64 वरून 31 वर आल्या. हे खरंच धरायचं, त्यावर वाद घालायचा नाही. शेवटचं वाक्य लेखकाचं मत आहे, म्हणजे कन्क्लूजन. आणि या दोन्हींच्या मधे लेखकाने न बोलता दोन उड्या मारल्यात. पहिली, तक्रारी कमी म्हणजे चोऱ्या कमी. दुसरी, कॅमेऱ्यांनंतर कमी झालं म्हणजे कॅमेऱ्यांमुळेच कमी झालं. स्ट्रेंदन आणि वीकनचे जवळजवळ सगळे बरोबर ऑप्शन अशा उड्यांच्या जागीच येऊन बसतात.

'सूचित' या शब्दानेही गोंधळ होतो, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात. छापलेल्यातून जे निघालंच पाहिजे ते एक, उदाहरणार्थ कॅमेऱ्यांनंतरही तक्रारी पूर्ण थांबल्या नाहीत, 31 आल्याच. याला अनुमान म्हणा, इन्फरन्सच्या प्रश्नात हे लागतं आणि तिथे बाहेरची माहिती आणलेला ऑप्शन सरळ कापायचा. दुसरं म्हणजे जे खरं असेल तरच लेखकाचं म्हणणं उभं राहतं, पण जे पॅसेजमधून सिद्ध होत नाही, ते गृहीतक. आपल्या दोन्ही उड्या या दुसऱ्या प्रकारातल्या. स्ट्रेंदन-वीकनला बाहेरची नवी माहिती चालते, नव्हे तीच लागते, कारण प्रश्नातच 'इफ ट्रू' असतं, म्हणजे ऑप्शन खरा धरून चालायचं. 'पॅसेजमधे हे कुठेय?' म्हणून इथे बरोबर ऑप्शन उडवणारी कितीतरी हुशार मुलं मी पाहिलीत.

आता वीकन करू. पहिला ऑप्शन: 'त्याच वर्षी शहरातल्या कॅमेरे नसलेल्या चौकांतही अशा तक्रारी जवळपास निम्म्यावर आल्या.' हा दुसऱ्या उडीवर घाव आहे, कॅमेरे नसतानाही तेच घडलं तर श्रेय कॅमेऱ्यांना कसं द्यायचं? हे उत्तर. दुसरा: 'कॅमेऱ्यांचा खर्च अंदाजापेक्षा खूप जास्त झाला.' पण कॅमेरे परवडतात असं कोणी म्हटलंच नव्हतं. तिसरा: 'काही कॅमेरे अधूनमधून बंद असायचे.' हा मोह पाडतो, पण काही बंद म्हणजे बाकीचे चालू, आणि चोराला कुठला बंद आहे ते माहीत असेलच असं नाही, त्यामुळे फारसं काही हलत नाही.

चौथ्यावर मात्र थांबा, तुमचे शेवटचे दोन उरतात ते बहुधा असेच. 'कॅमेरे बसल्यावर जवळच्या बाजारपेठेत, जिथे कॅमेरे नाहीत, सोनसाखळी चोरीच्या तक्रारी वाढल्या.' बॅचमधे निम्मी मुलं हाच टिक करतात, म्हणतात, बघा सर, चोरी थांबली कुठे, नुसती सरकली. बरोबर आहे, पण लेखक काय म्हणाला? 'या चौकातल्या' चोऱ्या. शहर सुरक्षित झालं असं तो म्हणालाच नाही, ते आपण भरलं. उलट चोर कॅमेऱ्यांना टाळून बाजाराकडे गेले असतील तर कॅमेऱ्यांनी चौकात काम केलं, म्हणजे या ऑप्शनने कन्क्लूजनला हलकासा आधारच दिला. आता कन्क्लूजनमधे 'या चौकातल्या' खोडून 'शहरातल्या' लिहा, तोच ऑप्शन चांगला वीकनर होतो. एका शब्दावर उत्तर फिरतं म्हणून मी मुलांना ऑप्शनकडे जाण्याआधी कन्क्लूजन त्याच्या नेमक्या शब्दांत पॅडवर उतरवायला लावतो. व्हर्बलला 23 प्रश्न आणि 45 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही पूर्ण मिळत नाहीत, तरी ही दहा सेकंद द्या, नाहीतर शेवटच्या दोन ऑप्शनमधे मिनिटभर जातो.

स्ट्रेंदनमधे एक वेगळीच चूक होते. 'तक्रार नोंदवण्याची पद्धत दोन्ही वर्षी सारखीच होती' असा ऑप्शन आला की मुलं म्हणतात यात नवीन काय, काही बदललंच नाही, आणि सोडून देतात. पण पहिली उडी आठवा. कदाचित तक्रार नोंदवणं अवघड झालं असेल म्हणून आकडा पडला असेल, ही शंका या ऑप्शनने बंद केली. दार बंद करणं हाही आधारच असतो. खात्री करायची असेल तर ऑप्शन उलटा करून बघा: 'दुसऱ्या वर्षी तक्रारीसाठी लांबच्या ठाण्यात जावं लागायचं.' लगेच 31 या आकड्यावरचा विश्वास डळमळतो ना? उलटा केल्यावर युक्तिवाद ढासळला म्हणजे सरळ ऑप्शनने त्याला धरून ठेवलं होतं. हे उलटं करणं मुळात गृहीतकाच्या प्रश्नांचं हत्यार आहे, इथे ते 'बदल झाला नाही' छापाच्या ऑप्शनपुरतं वापरा, सगळीकडे वापरलंत तर वेळ जाईल.

आणि ऑप्शनने कन्क्लूजन पूर्ण पाडायला हवं किंवा सिद्ध करायला हवं अशी अपेक्षा ठेवू नका. कॅमेरे नसलेल्या चौकांचा ऑप्शन खरा असला तरी स्टेशन चौकात कॅमेऱ्यांचा थोडा हात असू शकतोच. विश्वास आधीपेक्षा कमी झाला का, एवढंच विचारा.

आजपासून एक करा, चुकलेले वीस प्रश्न परत काढा, पण ऑप्शन झाकून. पुराव्यातला मुख्य शब्द आणि कन्क्लूजनमधला मुख्य शब्द गोल करा, आणि दोन्ही वेगळे निघाले की मधे कुठली उडी आहे ते एका ओळीत मराठीत लिहा. 'तक्रारी' आणि 'चोऱ्या', 'विक्री' आणि 'नफा', 'सर्व्हेत म्हणाले' आणि 'करतात', अशा जोड्या तुम्हाला सारख्या दिसायला लागतील. ओळ लिहून झाल्यावरच ऑप्शन उघडा.