‘वरचा’ बीपी, ‘खालचा’ बीपी आणि मधला ‘किंवा’

प्रश्न: बाबांनी बीपीच्या मशीनचा फोटो पाठवलाय. वर १२८, त्याखाली ९२, सगळ्यात खाली ७१. शेजारच्या रंगीत पट्टीवर बाण पिवळ्या रंगापाशी आहे. वरचा नॉर्मल असेल तर बाण हिरव्यावर का नाही? आणि आपण ‘वरचा-खालचा’ म्हणतो ते नेमकं कशावरून?

आधी शब्दांचं बघू, कारण बाणाचं उत्तरही शेवटी एका शब्दातच सापडतं.

आजच्या मशीनवर मोठा आकडा वर आणि लहान खाली छापलेला दिसतो, म्हणून ‘वरचा-खालचा’ ही पडद्यावरची जागा आहे असं वाटतं. पण पाऱ्याचं यंत्र ज्यांनी पाहिलंय त्यांना हे शब्द आणखी नेमके वाटतील. दंडाला बांधलेला पट्टा फुगवला की उभ्या नळीत पारा चढतो. मग हवा हळूहळू सोडायची आणि कोपराच्या खोबणीत स्टेथोस्कोप लावून ऐकत राहायचं. पारा उतरता उतरता जिथे पहिला ‘टक’ ऐकू येतो, तो वरचा. आणखी उतरल्यावर जिथे आवाज बंद होतो, तो खालचा. नळीवर ही दोन्ही ठिकाणं खरोखरच एक वर आणि एक खाली असतात. हे आवाज १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने मांडले, म्हणून आजही त्यांना त्याचंच नाव आहे.

मशीनवरचं SYS म्हणजे सिस्टोलिक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आकसणे. हृदय आकसून रक्त पुढे ढकलतं तेव्हाचा हा दाब. DIA म्हणजे डायस्टोलिक, पसरणे. हृदय सैलावून पुन्हा भरत असतानाचा दाब. मराठीत आकुंचन आणि प्रसरण म्हटलं की अर्थ चपखल बसतो, पण बोलताना कुणी ‘माझा प्रसरण दाब ब्याण्णव’ म्हणत नाही आणि म्हणावं असा माझा आग्रहही नाही. ‘खालचा’ हा उत्तम शब्द आहे. mmHg मधलं Hg म्हणजे पारा. यंत्रातून पारा गेला, पण मोजमाप अजून त्याच्याच उंचीत चालतं: १२८ म्हणजे १२८ मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरणारा दाब.

१२८/९२ मधल्या तिरक्या रेघेला आपण ‘बाय’ किंवा ‘छेद’ म्हणतो, पण तिथे भागाकार नाही. ते एकाच मोजणीतले दोन स्वतंत्र आकडे आहेत. तिसरा ७१ तर दाबच नव्हे. PUL किंवा PULSE म्हणजे मिनिटाला पडणारे नाडीचे ठोके. घाईत ९२/७१ असं वाचलेलं मी पाहिलंय, म्हणून फोटो वाचताना आधी आकड्याशेजारची अक्षरं बघायची, मग आकडा.

आता बाण. बऱ्याच घरगुती मशीनवरची रंगपट्टी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीवर बेतलेली असते. त्यात १३० च्या खाली आणि ८५ च्या खाली ते नॉर्मल. वरचा १३० ते १३९ किंवा खालचा ८५ ते ८९ असेल तर ‘हाय नॉर्मल’. वरचा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल तर ग्रेड १. सगळी गोम ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन अव्ययांत आहे. नॉर्मल ठरायला दोन्ही आकडे मर्यादेत लागतात, वरच्या गटात जायला एकच पुरतो. दोघे वेगवेगळ्या गटांत पडले, तर चढा गट धरायचा. तुमच्या फोटोत १२८ एकटा पाहिला तर नॉर्मलमध्ये बसतो, पण ९२ ग्रेड १ मध्ये पडतो. म्हणून बाण पिवळ्यावर गेला. मशीन चुकलेलं नाही, त्याने ‘किंवा’ नीट वाचलंय. दोन आकड्यांची सरासरी काढून ‘मध्यम आहे’ म्हणणं मात्र चूक.

गंमत अशी की हाच फोटो अमेरिकेतल्या २०१७ च्या वर्गवारीने वाचला तर ९० किंवा त्याहून जास्त असलेला खालचा आकडा ‘स्टेज २’ मध्ये जातो. म्हणजे एकाच १२८/९२ ला एक पट्टी ‘ग्रेड १’ म्हणते आणि दुसरी ‘स्टेज २’. दरम्यान बाबांच्या अंगात काहीच बदललेलं नाही. मोजपट्टीवरच्या रेघा बदलल्या. ‘ग्रेड’ आणि ‘स्टेज’ या दोन्हींना मराठीत सरसकट ‘टप्पा’ म्हटलं की हा घोळ आणखी वाढतो, म्हणून इथे मी मूळ शब्दच ठेवतो. रंगांचंही तसंच. पिवळा म्हणजे कोणता गट हे त्या त्या मशीनच्या माहितीपुस्तिकेत पाहावं. शिवाय या मर्यादा दवाखान्यात घेतलेल्या मोजणीसाठी आखलेल्या आहेत. घरच्या मोजणीला बहुतेक ठिकाणी १४०/९० ऐवजी १३५/८५ ही रेघ धरतात.

फोटोबाबत आणखी थोडं. पडद्यावर M किंवा मेमरीची खूण दिसत असेल, तर तो जुना आकडा असू शकतो किंवा आधीच्या काही मोजण्यांची सरासरी. तारीख-वेळ पाहिली की उलगडा होतो, अर्थात मशीनचं घड्याळ लावलेलं असेल तर. पट्टा फुगत असताना फोटो काढला तर १६५ वगैरे एकच आकडा दिसतो. तो पट्ट्यातल्या हवेचा दाब, बाबांचा नव्हे. आकडे काड्यांनी बनलेले असल्यामुळे चकाकीत एखादी काडी पुसली की ८ चा ६ किंवा ९ होतो. १२८ चा १२६ झाला तर गट बदलत नाही, पण ८९ चा ९९ वाचला गेला तर बदलतो. आणि १७.१, १२.३ असे दशांशातले आकडे दिसले तर घाबरू नका, मशीन किलोपास्कलवर गेलंय. साडेसातने गुणलं की पुन्हा १२८ आणि ९२ च्या आसपास येता.

राहता राहिला बोलण्यातला एक प्रयोग. ‘त्यांना बीपी आहे’ असं आपण सर्रास म्हणतो. बीपी तर प्रत्येकाला असतो, नसेल तर अवघड आहे! तिथे ‘उच्च रक्तदाबाचा आजार’ हा अर्थ गृहीत धरलेला असतो आणि तो ठरवायला डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या मोजण्या पाहतात. ग्रेड १ हे विशेषण या फोटोतल्या आकड्याचं आहे, बाबांचं नाही. म्हणून ‘बाबा ग्रेड १ मध्ये आहेत’ असं न लिहिता डॉक्टरांना असं पाठवा: ‘मंगळवार, सकाळी ७, डावा हात, पाच मिनिटं शांत बसल्यावर, १२८/९२, नाडी ७१.’ वार, वेळ आणि हात अर्थातच बाबांना विचारून भरा. ते फोटोत दिसत नाही.