‘सत्तर रुपये वारले’: पैसे कसे काय वारतात?

प्रश्न: उसने दिलेले पैसे परत आले नाहीत की लोक ‘सत्तर रुपये वारले’ म्हणतात. हे कुठून आलं? आणि पैशांना ‘वारले’ म्हणणं व्याकरणात बसतं का?

उगम ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) या चित्रपटात आहे. संवाद वसंत सबनीसांचे. मधुमेहावरचं औषध इस्रायलहून मागवायला म्हणून घरमालक सरपोतदारांनी (सुधीर जोशी) धनंजय मानेला (अशोक सराफ) सत्तर रुपये दिलेले असतात. ते पैसे मागायला लागल्यावर धनंजय सांगतो, औषध आणणारा मित्र वारला. मग पैशांचं काय? तेही वारले!

व्याकरणात ते चोख बसतं, आणि विनोदाचा जीव मला तिथेच दिसतो. ‘रुपये’ पुल्लिंगी अनेकवचन, म्हणून क्रियापद ‘वारले’. आदरार्थी बहुवचनही तेच: ‘आजोबा वारले’. त्यामुळे ‘सत्तर रुपये वारले’ ऐकताना कानाला घरातलं कोणी वडीलधारं गेल्यासारखं वाटतं. ‘रक्कम वारली’ म्हणून बघा, अर्थ तोच राहतो पण गंमत निम्मी होते. ‘पैसे बुडाले’ हा नेहमीचा प्रयोग. त्यात तक्रार असते, दुखवटा नसतो. ‘वारणे’ हे माणसांसाठी, तेही जरा अदबीनं वापरायचं क्रियापद. बॅटरी ‘मेली’ असं आपण सहज म्हणतो, ‘वारली’ म्हटलं की लगेच हसू येतं, ते या अदबीमुळे.

बोलण्यात हे वाक्य दोन रूपांत रुळलं. एक म्हणजे अख्खं अवतरण. यात आकडा हलत नाही: पाच हजार बुडाले तरी माणूस ‘सत्तर रुपये वारले’च म्हणतो, आणि ऐकणाऱ्याला चित्रपट माहीत नसेल तर तो हमखास विचारतो, ‘सत्तरच?’ दुसऱ्या रूपात आकडा गळतो आणि नुसतं क्रियापद उरतं. माझ्या एका सहकाऱ्यानं माझी छत्री नेली होती. आठवड्यानं विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, ‘ती वारली.’ चित्रपटाचा उल्लेखही झाला नाही, तरी दोघांनाही कळलं की छत्री आता परत येत नाही. पहिल्या रूपाला आठवण लागते, दुसऱ्याला लागत नाही. म्हणून मला दुसरं जास्त टिकाऊ वाटतं.

त्याच चित्रपटातलं ‘हा माझा बायको पार्वती’ हे वाक्यही लिंगाच्या गफलतीवर उभं आहे, पण ते अवतरणच राहिलं. त्यातला कुठलाही शब्द सुटा काढून दुसरीकडे वापरता येत नाही.

‘वारणे’चा मूळ अर्थ यानं पुसला गेलेला नाही. कोणाच्या निधनाची बातमी सांगताना आजही आपण ‘वारले’ म्हणतो आणि तेव्हा कोणाला सत्तर रुपये आठवत नाहीत. कर्ता माणूस आहे की वस्तू, एवढ्यावर कान अर्थ ठरवतो.