आजी, नातू आणि भाजीचे भाव: गोष्ट लिहिणाऱ्यांच्या शंका

आजी नातवाला भाजीच्या भावांवरून महागाई समजावते, अशी गोष्ट बरेच जण लिहितायत आणि लिहून झाली की "अर्थशास्त्राच्या दृष्टीने जरा चेक करा" म्हणून मला पाठवतात. मी हाच विषय शिकवतो, त्यामुळे वाचायला मजा येते, पण घोळ जवळपास सगळ्यांचा एकच असतो. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतोय.

प्रश्न: आजीने किती भाज्या घ्याव्यात गोष्टीत?

चार पुरेत. रोजच्या असाव्यात, सणावारी एकदा आणायच्या नकोत.

प्रश्न: माझ्या गोष्टीत टोमॅटो वीसवरून ऐंशीला जातो आणि आजी म्हणते, "बघ बाळा, हीच महागाई." बरोबर आहे ना?

नाही! एकटा टोमॅटो चौपट झाला तर ती टोमॅटोची टंचाई झाली. पीक पाण्यात गेलं असेल, कीड पडली असेल, रस्ता बंद असेल, काहीही. महागाई म्हणजे बहुतेक सगळ्याच गोष्टींचे भाव मिळून सतत वर सरकत राहणं, म्हणजे तेवढ्याच पैशात दरवर्षी थोडं कमी येणं. टोमॅटोचं नवीन पीक आलं की भाव खाली येतो, आणि महाग बघून सगळ्यांनीच लावला असेल तर इतका खाली येतो की तोडणीचा खर्चसुद्धा निघत नाही. पण सगळ्याच गोष्टींची जी सरसकट वाढ झालेली असते ती सहसा अशी परत उतरत नाही. नातवाला हा फरक कळला की गोष्ट जमली, नाहीतर तो एवढंच शिकतो की टोमॅटो महाग असतात.

त्यासाठी आजीच्या हातात हिशोबाची वही द्या. मार्चचं पान बघा: टोमॅटो ४ किलो वीसने, बटाटे ५ किलो वीसने, कांदे ४ किलो पंचवीसने, पालेभाजीच्या १० जुड्या बाराने. म्हणजे ऐंशी, शंभर, शंभर आणि एकशेवीस, एकूण ४००. जुलैत अतिवृष्टी होते, टोमॅटो ऐंशीला जातो, बाकी सगळं तिथेच, तर तेवढ्याच भाजीला ६४० लागतात. नातू घाबरतो. घाबरू दे, पण आजीने इथे थांबून सांगायला हवं की बाकीच्या तीन ओळी बघ, त्या हलल्या का?

मग पुढच्या मार्चचं पान. टोमॅटो बावीस, बटाटे एकवीस, कांदे सत्तावीस, जुडी तेरा. बेरीज ४३१. एकही आकडा बघून कोणी ओरडणार नाही, पण चारही ओळी वर गेल्यात आणि वर्षात ४०० चे ४३१ झाले, म्हणजे पावणेआठ टक्के. आजीने बोट ठेवायचं ते ह्या पानावर, जुलैच्या नाही.

आणि किलो बदलायचे नाहीत हं. इथे भलेभले घसरतात. जुलैत टोमॅटो महाग म्हणून आजीने एकच किलो घेतला तर बिल परत बरोब्बर चारशे येतं, करून बघा, आणि नातू म्हणणार काहीच महागलं नाही. खरं तर ताटातला टोमॅटो गेला. म्हणून आधीची टोपली तशीच धरायची आणि फक्त भाव नवे लावायचे. लास्पेअर नावाच्या जर्मन अर्थतज्ज्ञाने १८७१ मध्ये हीच पद्धत मांडली आणि किंमत निर्देशांक अजूनही मुख्यतः ह्याच धर्तीवर काढतात. तिची खोटही तीच, लोक महाग वस्तू सोडून स्वस्त घेतात ते तिला दिसत नाही, म्हणून टोपली अधूनमधून बदलावी लागते.

शेवटी आजीने एक वाक्य टाकावं की हे फक्त भाजीचं झालं. घरभाडं, प्रवास, फी, औषधं धरल्याशिवाय घराची महागाई कळत नाही. भाजी फार उड्या मारते म्हणून तर सांख्यिकीवाले अन्न आणि इंधन वगळूनही एक वेगळा आकडा बघतात.

प्रश्न: पुढच्या वर्षीच्या जुलैत नातू स्वतः हिशोब करतो आणि म्हणतो महागाई मायनसमध्ये गेली. असा शेवट चालेल का?

चालेल, भारी आहे, पण आजीने त्याला पकडायला हवं. समजा तेव्हाही बिल ४३१ च आहे. मागच्या जुलैच्या ६४० शी तुलना केली की जवळजवळ एक तृतीयांश घट दिसते. घट खोटी नाही, पण जिथून मोजलं ते वर्षच फुगलेलं होतं. बातम्यांमध्ये "बेस इफेक्ट" म्हणतात तो हाच. म्हणून त्याला दोन वर्षं मागचंही पान उघडायला लावा.

प्रश्न: महागाईचा दर आठवरून चारवर आला, म्हणजे भाजी स्वस्त झाली असं आजी म्हणू शकते का?

नाही. शंभराचे एकशे आठ झाले, पुढच्या वर्षी एकशे बाराच्या वर गेले. वाढ मंदावली, भाव उतरला नाही.

प्रश्न: भाव तोच पण जुडी बारीक झाली, हे गोष्टीत घेऊ का?

जरूर घ्या, ही जुनी चलाखी आहे आणि पाकीटबंद मालात तर सर्रास चालते. जुडी बारालाच, पण वजन ३०० ग्रॅमवरून २४० वर आलं तर तो भाव पंचवीस टक्क्यांनी वाढलाय. वहीत "जुडी" न लिहिता ग्रॅम लिहा.

प्रश्न: आजीच्या लहानपणापेक्षा भाव तीस पट झालेत असं लिहिलंय. अतिशयोक्ती वाटते का?

पन्नास वर्षांत दरवर्षी सात टक्के वाढ धरली तर साधारण तीस पटच होतं, कारण वाढीवर वाढ चढत जाते. पण "आमच्या वेळी किती स्वस्ताई" एवढ्यावर सोडू नका, तेव्हा मजुरीही कमी होती. एक किलो कांद्यासाठी तेव्हा किती वेळ राबावं लागायचं आणि आता किती, हे आजीला विचारायला लावा. खरे जुने भाव वापरणार असाल तर सांख्यिकी कार्यालयाच्या नोंदी बघा, ऐकीव आकडे नकोत.

प्रश्न: मित्र म्हणतो महागाई फक्त नोटा छापल्याने होते, ते लिहू का?

मित्राचं "फक्त" काढा. मालापेक्षा पैसा फार वेगाने वाढला तर भाव चढतात हे खरंय, पण इंधन, वाहतूक, मजुरी महागली तरी चढतात. अतिवृष्टीतला टोमॅटो नोटांमुळे महागलेला नसतो. नेमकं किती कशामुळे हे ठरवताना तज्ज्ञांचंही एकमत होत नाही, तेव्हा आजीने ठामपणे सांगू नये, आणि लिहिण्याआधी जवळच्या अर्थशास्त्राच्या शिक्षकांशी बोलून घ्या.

प्रश्न: शेवटी आजी नातवाला बचतीची एक स्कीम सुचवते, नाव टाकलं तर चालेल?

अजिबात नाही. मग ती गोष्ट राहत नाही, जाहिरात होते, आणि "महागाईला हरवणारी" म्हणून विकली जाणारी प्रत्येक स्कीम हरवतेच असं नाही. पैसे कुठे ठेवायचे हे नोंदणीकृत सल्लागाराला विचारायचं, आजीला नाही.

प्रश्न: उद्या सकाळी गोष्ट द्यायचीय, आज रात्री वाचून कळवता का?

नाही. निदान बेरजा तरी घरात कोणाकडून तपासून घ्या आणि पुढच्या वेळी आठवडाभर आधी पाठवा.