जूनची फी आणि एप्रिलची शिल्लक

"मॅडम, महिन्याचा खर्च नीट बसतो. पण शाळेची फी, मेडिक्लेम, एलआयसी यातलं काही आलं की दर वेळी उसनवारी. पगार कमी पडतोय की आमचंच काही चुकतंय?"

हे विचारायला नाशिकच्या एक ताई नवऱ्यासोबत जानेवारीत आल्या होत्या. पगाराच्या आकड्यात मी शिरलेच नाही. मागच्या वर्षीच्या पावत्या काढायला सांगितल्या. मार्चमध्ये एलआयसी १८,०००, मेमध्ये घरपट्टी ६,०००, जूनमध्ये दोन मुलांची फी ३६,०००, सप्टेंबरमध्ये मेडिक्लेम २४,००० आणि ऑक्टोबरात दिवाळी १२,०००. एकूण ९६,०००, म्हणजे महिन्याला ८,०००.

इथपर्यंत बहुतेक लोक स्वतःच पोहोचतात. हेही दोन वर्षांपूर्वी पोहोचले होते. महिन्याला बाजूला काढायला सुरुवातही केली होती, पण जूनमध्ये पैसे पुरले नाहीत आणि नाद सोडला. गफलत भागाकारात नव्हतीच. बाराने भागलेली रक्कम पुरते ती बारा महिने साठवल्यावर, आणि बिलं काही तेवढं थांबत नाहीत. जानेवारीपासून दरमहा ८,००० टाकले तर जूनपर्यंत जमा होतात ४८,०००, आणि तोवर बाहेर जायचे असतात ६०,०००. ऑक्टोबरअखेर ही तूट १६,००० होते. त्यांच्या वर्षातला सगळ्यात खोल खड्डा तोच. म्हणून सुरुवातीलाच १६,००० जास्तीचे हवेत. दिवाळी आटोपल्यावर नोव्हेंबरात सुरुवात केली असती तर तेही लागले नसते, कारण डिसेंबरअखेर खात्यात नेमके तेवढेच साठले असते.

एकदम १६,००० कुठून आणायचे? नवा फ्रीज घ्यायचा बेत होता, तो पुढे ढकलला आणि पहिले चार महिने ८,००० ऐवजी १२,००० टाकायचं ठरलं. पगाराच्या दुसऱ्या दिवशी पैसे आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवली. खातं वेगळं, किमान शिल्लक न लागणारं, आणि फोनवरच्या यूपीआयला न जोडलेलं. किमान शिल्लकीचा मुद्दा लोक सोडून देतात, पण हे खातं वर्षातून एकदा रिकामं होणारच, आणि अट असेल तर तेव्हा दंड पडतो.

वहीत प्रत्येक खर्चाचा वेगळा रकाना करायचा ताईंचा विचार होता. मी एकच रकाना करायला लावला : प्रत्येक महिनाअखेर खात्यात किती असायला हवेत, हे आधीच लिहून ठेवायचं. मार्च १८,०००, एप्रिल ३०,०००, मे ३२,०००, जून ४,०००, जुलै १२,०००, ऑगस्ट २०,०००, सप्टेंबर ४,०००, ऑक्टोबर शून्य. शेजारी पासबुकातला खरा आकडा.

हा रकाना एप्रिलमध्येच कामाला आला. खात्यात तीस हजार दिसल्यावर ताईंच्या नवऱ्याने, म्हणजे भाऊंनी, चुलतबहिणीच्या लग्नातल्या आहेराला दहा हजार काढले. "पडूनच तर होते," म्हणाले. बोलण्यात लबाडी नव्हती. एप्रिलचा फुगलेला आकडा पाहून कुणालाही तसंच वाटतं. पण वहीत तीस आणि पासबुकात वीस, हे ताईंना महिनाअखेरीलाच दिसलं. फी भरायला अजून दीड महिना होता. भाऊंनी ओव्हरटाइमचे पैसे मेमध्ये आणि जूनच्या सुरुवातीला टाकून भरपाई केली. पूर्वी हेच फीच्या खिडकीपाशी कळायचं.

सप्टेंबरात मेडिक्लेमची नोटीस आली ती २५,८०० ची. भाऊंनी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि पॉलिसीतला वयोगट बदलला होता. उशीर करायचा नाही, हे मी आवर्जून सांगितलं. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मिळते आणि पॉलिसीची सलगता टिकते, पण पैसे भरेपर्यंतच्या दिवसांत कुणी आजारी पडलं तर संरक्षण नसतं. त्यांनी वेळेत भरले. वाढीव १,८०० दिवाळीतून कापले आणि आकाशकंदील घरीच केला. पुढच्या वर्षासाठी हिशेब नव्याने मांडला : ९७,८००, म्हणजे महिन्याला ८,१५०.

ऑक्टोबरच्या शेवटी ताईंचा फोन आला. आवाज जरा कापरा होता.

"मॅडम, खात्यात काहीच उरलं नाही हो."

"वहीत किती लिहिलंय?"

पानं उलटल्याचा आवाज आला. मग हसू. "शून्य."