75 च्या वर किती मुलं? आधी आकृती काढा, मग कोष्टक उघडा

"वर्गात 60 मुलं. गणिताची सरासरी 62, प्रमाण विचलन 12. 75 च्या वर किती टक्के मुलं असतील? मला 36 टक्के आले, मैत्रिणीला 86. नक्की काय चुकतंय?"

गुण घंटेच्या आकाराच्या प्रसामान्य वक्रावर बसतात असं धरलं, तर तुमचा झेड, म्हणजे 75 हे सरासरीपासून किती प्रमाण विचलनं दूर आहेत तो आकडा, दोघींचाही बरोबर आहे. 75 मधून 62 गेले 13, त्याला 12 ने भागलं की 1.08. चूक पुढे, कोष्टक वाचताना झाली आहे.

कोष्टकं दोन प्रकारची मिळतात. काहींत सरासरीपासून झेडपर्यंतचा भाग दिलेला असतो, तिथे 1.08 समोर 0.3599 दिसतं. काहींत अगदी डाव्या टोकापासून झेडपर्यंतचा, तिथे 0.8599. तुम्ही पहिलं वापरलंत, मैत्रिणीने दुसरं, आणि दोघींनी कोष्टकातला आकडा तसाच उत्तर म्हणून लिहिला. आपल्याला हवी आहे ती 75 च्या उजवीकडची शेपटी. म्हणून 0.5 मधून 0.3599 वजा करा, किंवा 1 मधून 0.8599. दोन्हीकडून 0.1401 येतं, म्हणजे 14 टक्के, साधारण 8 मुलं.

मी मुलांना आधी वक्र काढून हवा तो भाग पेन्सिलीने रंगवायला लावते. सरासरीच्या वर निम्मीच मुलं असतात आणि 62 अधिक 12, म्हणजे 74 च्या वर सुमारे 16 टक्के. मग 75 च्या वर त्याहून थोडी कमीच असणार. एवढं डोळ्यांसमोर असलं की 36 आणि 86 दोन्ही तिथेच बाद होतात.

आणखी एक बारकावा. गुण पूर्णांकात असतील तर "75 च्या वर" म्हणजे 76 पासून पुढे, म्हणून सीमा 75.5 धरावी. "75 किंवा जास्त" असेल तर 74.5. पहिल्यात 13 टक्के येतात, दुसऱ्यात 15. संगणकावर पहिलं असं निघेल:

```
=1-NORM.DIST(75.5,62,12,TRUE)
```

प्रत्यक्ष गुणपत्रकात 8 ऐवजी 6 किंवा 10 मुलं निघाली तर गडबडू नका. 60 जणांच्या वर्गात दोन-तीन मुलांचा फरक सहज पडतो.

पण हा वक्र कुठल्याही वर्गाला लावू नका. माझ्या वर्गातली 20 गुणांची एक सोपी चाचणी आठवते: सरासरी 17, प्रमाण विचलन 3. मी 20.5 च्या वर किती येतात ते काढून पाहिलं, तर 12 टक्के! 20 पैकी 20 च्या वर कोण जाणार? गुण वरच्या टोकाला दाटले होते, वक्राची उजवी शेपटी मावायला जागाच नव्हती. अशा वेळी वक्र बाजूला ठेवून गुणपत्रकातली मुलं सरळ मोजावीत. वर्गात शिकवणी लावलेल्यांचा एक गट आणि अगदी मागे पडलेल्यांचा दुसरा असे दोन उंचवटे दिसत असतील, तरीही तसंच करावं.

तुमच्या वर्गाचं तपासायचं असेल तर 50 ते 74 मध्ये किती मुलं आहेत ते मोजा. 41 च्या आसपास हवीत. 30 किंवा 52 निघाली, तर वरच्या 14 टक्क्यांवर मी विसंबणार नाही.